घरात कॅश किती ठेवायची आणि बँकेत किती, आकडा काढायची पद्धत

नव्याने घर चालवायला लागलेले बरेच जण विचारतात की घरात रोख किती असावी, आणि उत्तर म्हणून त्यांना एखादी गोल रक्कम किंवा "पगाराच्या दहा टक्के" असलं काहीतरी ऐकायला मिळतं. असला आकडा कोणाच्याच घराला नीट बसत नाही, कारण एका घरात सगळं मोबाइलवरून भरलं जातं, दुसऱ्या घरात निम्मा खर्च अजून नोटांनीच होतो, तिसऱ्या घरात एक म्हातारं माणूस आहे ज्याला फोनवरून पैसे पाठवता येत नाहीत. म्हणून रक्कम आधी ठरवू नका, आधी दिवस ठरवा. बँकेपर्यंत पोचता आलं नाही तर किती दिवस घर चालायला हवं, हा खरा प्रश्न आहे आणि रक्कम त्यातून आपोआप निघते.

खाली एक घर उदाहरणाला घेतलंय. आकड्यांना मुद्दाम कुठलंही चलन लावलेलं नाही, तुमच्या चलनात आणि तुमच्या खर्चाने ते बदलून घ्या, महत्त्वाची आहे ती पद्धत.

आधी अडचण कुठली ते वेगळं करा

पैसे मिळत नाहीत अशी वेळ दोन प्रकारे येते आणि दोन्हींवर उपाय वेगळा आहे, हे डोक्यात स्पष्ट नसेल तर माणूस सगळ्याच भीतीपोटी घरात नोटा भरत जातो.

पहिला प्रकार म्हणजे पैसे खात्यात सुखरूप आहेत पण ते पोचवणारी व्यवस्था बंद पडलीये. वीज नाही, इंटरनेट नाही, सर्व्हर डाऊन. 1 जून 2018 ला युरोपात व्हिसाची यंत्रणा कित्येक तास अडखळत होती, दुकानात कार्ड चालेनात. 8 जुलै 2022 ला कॅनडात एका मोठ्या टेलिकॉम कंपनीचं नेटवर्क पडलं आणि त्याबरोबर देशभरातली डेबिट कार्डची पेमेंट्स अडकली. 28 एप्रिल 2025 ला स्पेन आणि पोर्तुगालमध्ये दुपारी वीज गेली आणि बहुतेक ठिकाणी ती यायला रात्र, काही ठिकाणी दुसऱ्या दिवसाची सकाळ झाली. या वेळी घरातली रोख कामाला येते, आणि बघा, यातलं बहुतेक सगळं एक-दोन दिवसांत मिटलं. वादळ किंवा पूर आला तर मात्र गोष्ट आठवड्यांवर जाते.

दुसरा प्रकार म्हणजे व्यवस्था चालू आहे पण तुमची बँक किंवा तुमचं खातंच अडकलंय. बँकेवर निर्बंध आले, खातं कुठल्यातरी पडताळणीसाठी गोठवलं गेलं, कार्ड ब्लॉक झालं, फोन हरवला. सायप्रसमध्ये मार्च 2013 मध्ये बँका सुमारे बारा दिवस बंद होत्या. ग्रीसमध्ये 2015 च्या जून अखेरीपासून तीन आठवडे बँका बंद होत्या आणि एटीएममधून दिवसाला 60 युरोच मिळायचे, पण देशांतर्गत कार्डने खरेदी चालू होती. आता एकाच बँकेवर किंवा एकाच खात्यावर गदा आली असेल तर घरात भरपूर नोटा ठेवण्यापेक्षा दुसऱ्या बँकेत दुसरं खातं असणं जास्त उपयोगाचं, कारण तिथे रक्कम मोठी ठेवता येते, व्याज मिळतं आणि चोरीची भीती नसते. सगळ्याच बँका एकदम बंद होणं फार क्वचित होतं, पण तिथेही घरातली काही दिवसांची रोख आणि चालू असलेलं कार्ड मिळून घर निघतं.

थोडक्यात घरातली रोख पहिल्या अडचणीसाठी, दुसरी बँक दुसऱ्या अडचणीसाठी. नोकरी जाणं, मोठं आजारपण असल्या तिसऱ्या गोष्टीसाठी लागतो तो आपत्कालीन निधी, आणि तो नोटांमध्ये ठेवायचं काहीच कारण नाही, कारण नोकरी गेली म्हणून एटीएम बंद पडत नाही.

महिन्याचा खर्च दोन भागांत टाका

एका कागदावर किंवा मोबाइलच्या नोट्समध्ये मागच्या महिन्याचा खर्च काढा. बँकेचं स्टेटमेंट बघा आणि रोखीने गेलेलं आठवून लिहा. मग प्रत्येक ओळीपुढे एकच गोष्ट विचारा, की आठवडाभर पेमेंट बंद असेल तर हा खर्च थांबेल का. भाडं, कर्जाचा हप्ता, शाळेची फी, वीजबिल हे सगळं थांबू शकतं, व्यवस्था बंद असेल तर घेणाऱ्यालाही माहीत असतं, चार दिवस उशीर झाला तर फार तर दंड लागेल. खाणंपिणं, औषधं, प्रवास हे थांबत नाही.

आपल्या उदाहरणातलं घर असं आहे: दोन मोठी माणसं, दोन मुलं, महिन्याचा खर्च 3000. त्यातलं भाडं 1000, कर्जाचा हप्ता 400, शाळा 300, वीज-फोन-इंटरनेट 200, म्हणजे 1900 सरळ बँकेतून जातात आणि ते थांबू शकतात. उरले 1100. त्यात किराणा आणि भाजी 600, प्रवास 150, औषधं 100, कपडे-फिरणं-इतर 250. शेवटचे 250 अडचणीच्या दिवसांत होतच नाहीत. म्हणजे जे थांबत नाही ते महिन्याला 850, इतकंच. लोक आकडा काढताना पूर्ण 3000 डोळ्यासमोर ठेवतात आणि म्हणून घाबरून चुकीच्या दिशेने जातात.

दिवस किती धरायचे

माझं मत सरळ सांगतो, शहरात राहणाऱ्या, आसपास दोन-तीन एटीएम असलेल्या, वीज क्वचित जाणाऱ्या घराला पाच दिवस पुरेत. नेदरलँड्सच्या मध्यवर्ती बँकेने 2025 मध्ये लोकांना 72 तासांसाठी रोख ठेवायला सांगितलं, मोठ्या माणसामागे 70 युरो आणि मुलामागे 30. म्हणजे चार जणांच्या घराला 200 युरो, फार मोठी रक्कम नाही ती. तीन दिवसांवर मी दोन दिवस वाढवतो ते यासाठी की व्यवस्था सुरू झाल्यावरही पहिल्या दिवशी एटीएमपुढे रांग असते आणि मशीन लवकर रिकामं होतं.

तुमच्याकडे पूर, चक्रीवादळ, बर्फ, भूकंप असलं काही येत असेल, किंवा सगळ्यात जवळचं एटीएम दूर असेल, किंवा घरात कोणाला रोजचं औषध लागत असेल तर दहा दिवस धरा. सप्टेंबर 2017 मध्ये मारिया वादळाने प्वेर्तो रिकोत वीज इतकी गेली की काही भागांत ती परत यायला महिने लागले, अशा ठिकाणी बराच काळ रोखीशिवाय दुसरं काही चालत नाही. पण दहाच्या पुढे जाऊन महिनाभराची रोख घरात ठेवायला मी कोणाला सांगणार नाही, तेवढ्या काळात एकतर मदत पोचते किंवा माणूस दुसरीकडे हलतो, आणि हलायला लागणारे पैसे आपण वेगळे धरतोच आहोत.

आकडा

आता उदाहरणाच्या घराचा हिशोब करू, दिवस पाच.

खाणंपिणं: महिन्याचे 600 म्हणजे दिवसाला 20, पाच दिवसांचे 100. प्रवास: दिवसाला 5, म्हणजे 25. शिवाय एक लांबचा प्रवास, म्हणजे एकदा गाडीची टाकी भरून किंवा तिकिटं काढून नातेवाइकांकडे जाता यावं म्हणून 60. औषधं: घरात दोन आठवड्यांचा साठा कायम असेल तर इथे फार लागत नाही, तरी 40 धरले. आणि अचानक येणारं एक काम, डॉक्टरची फी, पंक्चर, तुटलेलं कुलूप, यासाठी 75. बेरीज 300.

300 म्हणजे महिन्याच्या खर्चाच्या दहा टक्के, पण तुमच्या घरी हे प्रमाण पाच टक्केही येईल किंवा पंधराही, त्यामुळे टक्का पाठ करू नका. औषधाच्या ओळीवर जरा थांबा, कारण तिथे पैसे ठेवण्यापेक्षा औषध ठेवणं शहाणपणाचं. पेमेंट बंद असताना औषधाच्या दुकानात साठाही कमी पडतो, नोटा हातात असून उपयोग नाही. तसंच खाण्याचं, घरात आठवड्याचं कोरडं सामान असेल तर 100 ऐवजी 60 पुरतील.

या 300 शिवाय रोजच्या वापराची रोख वेगळी. हे घर महिन्याला साधारण 150 रोखीने खर्च करतं, बाकी फोनवरून. आठवड्याला एकदा 40 काढले की काम होतं. दोन्ही रकमा कधीही एकाच पाकिटात ठेवू नका, हा माझा सगळ्यात ठाम आग्रह आहे. एकत्र ठेवल्या की सुट्टे हवेत, दारात कोणीतरी आलंय, नंतर टाकू, असं करत करत दोन महिन्यांत अडचणीचे पैसे निम्मे होतात आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

नोटा कुठल्या

आकडा बरोबर असून नोटा चुकीच्या असतील तर सगळं वाया जातं. एटीएम सहसा मोठ्या नोटा देतं, माणूस त्याच तशाच पाकिटात घालून ठेवतो, आणि जेव्हा कार्डं बंद असतात तेव्हा सगळं गाव मोठ्या नोटा घेऊन दुकानात येतं, गल्ल्यातले सुट्टे तासाभरात संपतात. मग दुकानदार म्हणतो सुट्टे द्या नाहीतर पूर्ण रकमेचं सामान घ्या.

साधा नियम असा की तुमची नेहमीची एक खरेदी जेवढ्याची असते तिच्यापेक्षा फार मोठी नोट पाकिटात नको, आणि सगळ्यात मोठ्या नोटा मिळून एकूण रकमेच्या एक तृतीयांशच्या आसपास राहाव्यात. आपल्या घराची नेहमीची खरेदी 20 ते 40 ची. तर 300 चे असे भाग: 50 च्या 2, 20 च्या 5, 10 च्या 7, 5 च्या 4 आणि उरलेल्या एकूण 10 ची सुट्टी नाणी. हे एटीएममधून मिळणार नाही, त्यासाठी बँकेच्या काउंटरवर जाऊन सुट्ट्या नोटा मागा, किंवा महिनाभर रोजच्या वापरातल्या छोट्या नोटा बाजूला काढत जा, दुसरा उपाय सोपा आहे आणि कोणाला विचारावं लागत नाही. फाटलेल्या, शाई लागलेल्या, टेप लावलेल्या नोटा त्यात घालू नका, गर्दीच्या दिवशी दुकानदार त्या घेत नाही.

ठेवायच्या कुठे

घरातल्या नोटांना कोणाची हमी नाही हे आधी लक्षात घ्या. बँकेतल्या ठेवीला बऱ्याच देशांत विमा असतो, प्रत्येक बँकेमागे ठरावीक मर्यादेपर्यंत. घरातली रोख जळाली, भिजली, चोरीला गेली तर गेली, आणि घराच्या विम्यातही रोख रकमेसाठी बहुतेक वेळा खूप कमी मर्यादा असते किंवा ती धरलीच जात नाही. तुमच्याकडे घराचा विमा असेल तर त्या कागदात रोख हा शब्द शोधून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

रक्कम दोन जागी करा. एक भाग हवाबंद झिप पिशवीत, जमिनीपासून उंच, जिथे पाणी पोचत नाही आणि शेगडीपासून लांब. दुसरा छोटा भाग त्या बॅगेत जी घर सोडावं लागलं तर तुम्ही उचलाल, कागदपत्रांबरोबर. कपड्यांच्या कपाटातला लॉकर आणि गादीखाली ही चोराची पहिली जागा, ती टाळा. घरातल्या अजून एका मोठ्या माणसाला जागा माहीत असायलाच हवी, नाहीतर तुम्ही हॉस्पिटलमध्ये असताना ते पैसे कोणालाच सापडत नाहीत. त्या पलीकडे कोणाला सांगू नका, मुलांनाही रक्कम सांगायची गरज नाही.

अजून एक गोष्ट जी लोक विसरतात, ती म्हणजे नोट स्वतःच रद्द होऊ शकते. भारतात 8 नोव्हेंबर 2016 ला रात्री 500 आणि 1000 च्या नोटा बंद झाल्या आणि ज्यांच्या घरात मोठी रोख होती त्यांना आठवडेच्या आठवडे रांगेत काढावे लागले. लहान नोटा ठेवल्या आणि रक्कम मर्यादित असली की असा फटका सहन होण्याएवढाच बसतो. शिवाय वर्षातून एकदा पाकिटातल्या नोटा रोजच्या खर्चात वापरून टाका आणि नव्या घाला, म्हणजे चलनातून जाणाऱ्या जुन्या मालिका तुमच्याकडे पडून राहत नाहीत.

बाकीचं बँकेत, पण एकाच बँकेत नाही

आता आपत्कालीन निधी. आपल्या घराचा आवश्यक खर्च म्हणजे 3000 मधून इतर 250 वजा, 2750. पगार दोन जणांचा आणि स्थिर असेल तर तीन महिन्यांचे, म्हणजे 8250. एकच कमावणारा असेल किंवा काम अनियमित असेल तर सहा महिन्यांचे, 16500. हे बघा आणि घरातल्या 300 शी ताडून बघा, किती फरक आहे. ज्याला निधी म्हणतात तो जवळजवळ सगळा बँकेत असतो.

मी हे असं वाटतो. पगार येतो ते खातं एका बँकेत, त्यात एका महिन्याचा खर्च फिरता राहू द्या. एक महिन्याचे 2750 दुसऱ्या बँकेच्या बचत खात्यात, तिथलं कार्ड शक्यतो दुसऱ्या नेटवर्कचं, म्हणजे पहिलं व्हिसा असेल तर दुसरं मास्टरकार्ड किंवा तुमच्या देशातलं जे असेल ते. उरलेले दोन किंवा पाच महिन्यांचे पैसे अशा मुदत ठेवीत जी एक-दोन दिवसांत मोडता येते, मोडल्यावर व्याज थोडं कमी मिळेल, चालतं. दुसरं खातं उघडून विसरू नका, दर महिन्याला त्या कार्डाने एक छोटी खरेदी करा, कारण बराच काळ व्यवहार नसलेलं खातं बँक निष्क्रिय करते आणि मग नेमकं गरजेच्या दिवशी ते उघडायला शाखेत जावं लागतं. पिन फक्त डोक्यात ठेवलेला असेल तर वापराअभावी तोही विसरतो.

ठेवविम्याची मर्यादा प्रत्येक बँकेमागे मोजली जाते, त्यामुळे रक्कम त्या मर्यादेच्या वर जाऊ लागली तर दोन बँकांत विभागायचं अजून एक कारण मिळतं. सायप्रसमध्ये 2013 ला शेवटी दोन मोठ्या बँकांत ज्यांचे 1 लाख युरोपेक्षा जास्त होते त्यांनाच मोठा तोटा झाला, खालच्यांचे पैसे सुरक्षित राहिले.

घरातल्या दोन्ही मोठ्या माणसांकडे स्वतःचं चालणारं कार्ड आणि स्वतःचा पिन हवा. सगळं एकाच्या फोनवर असेल आणि तो फोन किंवा तो माणूस नसेल तर दुसऱ्याच्या हातात घरातले तेवढे 300 च उरतात. एकट्याच्या नावाचं खातं मालकाच्या मृत्यूनंतर गोठतं, कागदपत्रं होईपर्यंत पैसे निघत नाहीत, म्हणून एक तरी खातं संयुक्त असू द्या, दोघांपैकी कोणीही चालवू शकेल असं.

जास्त ठेवलं तर किती पडतं

घरातल्या नोटांना व्याज नाही. बचत खात्याला वर्षाला 3 टक्के मिळतात असं धरलं तर 300 घरात ठेवायची किंमत वर्षाला 9, ही अडचणीच्या विम्याची रक्कम समजा, परवडते. तेच भीतीपोटी 3000 ठेवले तर वर्षाला 90 आणि वर चोरी-आगीची जोखीम. महागाई 6 टक्के असेल तर आज पाकिटात टाकलेल्या 100 ची किंमत दहा वर्षांनी सुमारे 56 एवढीच उरते. म्हणून आकडा दर वर्षी परत काढा. जो घरखर्च आता वाढलाय त्याला तीन वर्षांपूर्वीचे 300 पुरत नाहीत, आणि ही तूट माणसाला बंद पाकिटातून दिसत नाही.

भरपाईचा नियम आणि एक तपासणी

पाकिटावर तारीख आणि रक्कम लिहा. काढले तर किती आणि कशाला ते त्याच पाकिटावर, आणि व्यवस्था सुरू झाल्यापासून सात दिवसांत परत भरायचे. यात पगाराची वाट बघायची नाही, बँकेतला निधी त्यासाठीच आहे. पाकिटातून वर्षभरात दोनदा-तीनदा काढावं लागलं आणि त्याचं कारण वीज किंवा नेटवर्क जाणं हे नव्हतं, तर तुम्ही रोजच्या वापराची रोख कमी धरलीये, 40 चे 60 करा, पण 300 ला हात लावू नका.

आकडा बरोबर आहे का हे समजायला एक शनिवार-रविवार कार्ड आणि पेमेंट ॲप न वापरता काढा. शुक्रवारी संध्याकाळी पाकिटातून दोन दिवसांचा हिस्सा काढा, आपल्या घरात खाणं आणि प्रवास मिळून 50, आणि त्यात चालवा. कुठे अडलं ते लिहा, बहुतेक वेळा अडतं ते रकमेवर नाही, सुट्ट्यांवर किंवा एखाद्या अशा ठिकाणी जिथे रोख घेतच नाहीत, उदाहरणार्थ पार्किंगचं मशीन किंवा फक्त कार्डवर चालणारा पेट्रोल पंप. ती जागा आधी माहीत झाली की गाडीची टाकी कायम अर्ध्याच्या वर ठेवायची सवय लावता येते.

ज्यांना मजुरी किंवा धंद्याचे पैसे रोखच मिळतात त्यांची अडचण उलटी असते, घरात हळूहळू जास्त साठतं. त्यांनी वरचाच आकडा वरची मर्यादा म्हणून वापरायचा. समजा पाकिटाचे 300 आणि आठवड्याचे 40 असे 340 ठरले, तर आठवड्यातला एक वार नक्की करून त्या दिवशी 340 च्या वरचं सगळं खात्यात भरायचं, मग वरचे 50 असोत की 500, कारण भरणा पुढच्या आठवड्यावर ढकलला की ते पैसे खर्चात जातात.